नारिंगी बटनावर पांढरी अक्षरं आम्ही का टाकत नाही

साइट बनवायला घेतली की बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आमच्या लोगोतला नारिंगी घ्या आणि त्यावर पांढरं लिहा, मस्त उठून दिसतं." मग आम्ही नाही म्हणतो आणि थोडी चर्चा होते, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

समजा तुमचा नारिंगी #FF6600 आहे. त्यावर पांढरी अक्षरं ठेवली तर कॉन्ट्रास्ट रेशो येतो २.९४. हा रेशो म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, एकसारखे रंग असले तर १ आणि काळ्यावर पांढरं असलं तर २१. WCAG नावाचे जे वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीचे नियम आहेत त्यांच्या AA लेव्हलला साध्या अक्षरांसाठी किमान ४.५ लागतो, आणि मोठ्या अक्षरांसाठी, म्हणजे २४ पिक्सेल किंवा ठळक असतील तर साधारण १९ पिक्सेलपासून पुढे, ३ चालतो. २.९४ दोन्हीकडे नापास! इथे राउंड ऑफ करून ३ धरायचं नसतं :)

आता ४.५ च का, तर चांगल्या नजरेसाठी किमान ३ धरला होता, आणि ज्यांची नजर ६/१२ च्या आसपास आलीये, म्हणजे चांगल्या नजरेला १२ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरूनच दिसतं, त्यांना फिके फरक कमी कळतात म्हणून त्याला दीडने गुणलं. ही नजर म्हणजे काही फार विरळा गोष्ट नाही, वय झालं की अनेकांची चष्म्यानेही तिथवरच येते. मोतीबिंदू, काचबिंदू असलेल्यांना तर अक्षर लहान आहे यापेक्षा ते मागच्या रंगात विरघळून जातं हाच त्रास जास्त असतो, झूम केलं की अक्षर मोठं होतं पण फिकं ते फिकंच राहतं.

पण नारिंगी एवढा भडक असून नापास कसा? कारण रेशो भडकपणा मोजत नाही, उजळपणा मोजतो. आणि त्या हिशोबात हिरव्याचा वाटा साधारण ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. नारिंगीत लाल पूर्ण आणि वर थोडा हिरवा, त्यामुळे तो दिसतो त्यापेक्षा बराच उजळ निघतो आणि पांढऱ्याच्या जवळ जाऊन बसतो. पिवळ्याचं तर विचारूच नका.

मग करायचं काय? दोन रस्ते आहेत. एक, नारिंगी तोच ठेवा आणि अक्षरं काळी करा, रेशो थेट ७.१५ होतो, म्हणजे AA पेक्षा कडक अशा AAA लेव्हलचा ७ पण पार. दुसरा, पांढरं हवंच असेल तर नारिंगी गडद करा, #B84A00 घेतला तर ५.२ मिळतो, जरा विटकरीकडे झुकतो पण तुमचाच वाटतो. खरं सांगायचं तर काही लोकांना काळ्यापेक्षा पांढरंच जास्त वाचनीय वाटतं, त्यांचंही चूक नाही, हे गणित नारिंगीच्या बाबतीत डोळ्यांशी तंतोतंत जुळत नाही अशी टीका आहेच. म्हणून आम्ही शक्यतो दुसरा रस्ता घेतो, आकडाही पास आणि डोळाही खूश. लोगोला हा नियम लागू नाही, तिथे मूळ नारिंगी खुशाल राहू द्या.

एक गोष्ट कायम निसटते. रंग पास झाला म्हणजे सगळीकडे पास झाला असं नाही, जोडी बदलली की आकडा बदलतो. तोच #B84A00 फिक्या क्रीम #FFF1E6 वर लिहिला की ५.२ चा ४.७ होतो, जेमतेम वाचला. करडा #767676 पांढऱ्यावर ४.५४ ने काठावर पास होतो आणि खाली #F5F5F5 ची पट्टी आली की ४.२ च्याही खाली जाऊन नापास. फुटरमधली बारीक अक्षरं नेमकी इथेच मार खातात. त्यात फॉन्ट बारीक वजनाचा असला की स्क्रीनवर रेषेच्या कडा मागच्या रंगात मिसळतात, आकडा ४.५ दाखवतो पण अनुस्वाराचा टिंब गायब होतो! अशा फॉन्टला आम्ही ६ च्या वरच ठेवतो.

फोटोवर अक्षरं हवी असतील तर फोटोतला जिथे अक्षरं पडतात तो सगळ्यात वाईट भाग मोजायचा, सरासरी नाही. पांढरी अक्षरं असतील तर ढग, काळी असतील तर सावली. त्यापेक्षा मागे गडद पट्टी टाकलेली परवडते. आणि अक्षरं फोटोतच छापून पाठवू नका प्लीज, कमी दिसणारे बरेच जण विंडोजमध्ये स्वतःचे कॉन्ट्रास्ट रंग लावून वाचतात आणि चित्रातली अक्षरं त्यात बदलत नाहीत.

स्वतः तपासायचं असेल तर क्रोममध्ये अक्षरावर राइट क्लिक करून Inspect उघडा आणि Styles मध्ये color च्या पुढच्या छोट्या चौकोनावर क्लिक करा, Contrast ratio तिथेच दिसतो. आम्हाला रंग पाठवताना फक्त हेक्स कोड नको, कोणता रंग कशावर बसणार हेही लिहा, म्हणजे जोड्या आम्ही मोजून देतो.