‘कांदा लागवड’ एवढं टाइप केल्यावर खाली काय उमटतं, आणि का

यूट्यूबच्या सर्च बॉक्समध्ये ‘कांदा ल’ एवढंच लिहिलं की खाली दहा-बारा ओळी उमटतात. त्या कोणी संपादकाने बसून लिहिलेल्या नसतात. लोकांनी आधी स्वतः टाइप केलेल्या वाक्यांतूनच त्या प्रामुख्याने निवडलेल्या असतात. शेतीवर मराठीत व्हिडिओ करणाऱ्याला म्हणूनच इथे प्रेक्षकाचा प्रश्न प्रेक्षकाच्याच शब्दांत सापडतो. मात्र ही यादी कशी बनते हे ठाऊक नसेल तर तिचा हमखास चुकीचा अर्थ लावला जातो.

गूगलवर ही सोय डिसेंबर २००४ मध्ये प्रयोग म्हणून आली. केविन गिब्ज या इंजिनिअरने ती तयार केली होती. २००८ मध्ये ती मुख्य पानावर सर्वांसाठी सुरू झाली. गूगल या ओळींना ‘सूचना’ न म्हणता ‘अंदाज’ म्हणतं, आणि तो शब्द नेमका आहे. तुम्ही काय शोधावं हे यंत्रणा सांगत नसते. तुम्ही काय लिहायला निघालात याचा ती अंदाज बांधत असते.

तुमचं एक अक्षर पडतं आणि दुसरं पडायचं असतं, तेवढ्यात यादी दिसायला हवी. हाताशी जेमतेम सेकंदाचा दहावा भाग असतो. तेवढ्यात कोट्यवधी जुने शोध चाळणं शक्य नाही, म्हणून मोजणी आधीच करून ठेवलेली असते. ही मांडणी झाडासारखी असते. ‘क’ ही एक फांदी, तिच्यातून ‘का’, पुढे ‘कां’, ‘कांद’, ‘कांदा’. प्रत्येक फांदीच्या टोकाशी त्या अक्षरांनी सुरू होणारे सर्वांत वजनदार शोध तयार लावलेले असतात. तुम्ही अक्षर टाइप केलं की यंत्रणा त्या फांदीवर जाते आणि तिथली यादी उचलते. मोठ्या कंपन्यांची खरी रचना याहून बरीच गुंतागुंतीची असते, चुकीचं स्पेलिंगही ती सावरून घेते, पण मूळ तत्त्व हेच आहे. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे सगळं काही तुम्ही सुरुवातीला लिहिलेल्या अक्षरांवर ठरतं.

‘वजनदार’ म्हणजे निव्वळ जास्त वेळा शोधलेलं नव्हे. ताज्या शोधाला जास्त किंमत असते. नेमकं सूत्र कंपन्या उघड करत नाहीत, म्हणून कल्पनेतले सोपे आकडे घेऊ. समजा, दर सात दिवसांनी एका शोधाचं वजन निम्मं होतं. मग चार आठवड्यांपूर्वी १००० वेळा झालेल्या शोधाचं वजन आज निम्म्याच्या निम्मं, असं चारदा होऊन ६२.५ उरतं. या आठवड्यात फक्त १०० वेळा झालेला शोध त्याच्या वर बसतो. कांद्याच्या बाबतीत हे फार उघड दिसावं. रब्बीची रोपं टाकायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरची, पुनर्लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलपासून आणि मग साठवण. साहजिकच नोव्हेंबरात रोपांविषयीच्या ओळी वर येतील, तर एप्रिलात कांदाचाळीच्या. एकदाच काढलेली यादी वर्षभर वापरणं ही म्हणून पहिली चूक.

याशिवाय भाषा, ठिकाण आणि तुमचे स्वतःचे जुने शोध यांचाही परिणाम होतो. ठिकाणाचं उदाहरण गूगलनेच दिलं आहे: ‘driving test’ लिहिणाऱ्याला कॅलिफोर्नियात एक यादी दिसते आणि कॅनडातल्या ऑन्टारिओत दुसरी. शेवटी गाळणी लागते. हिंसक, अश्लील, द्वेषपूर्ण किंवा धोकादायक अंदाज काढून टाकले जातात. फार थोड्यांनी केलेले शोधही सहसा दिसत नाहीत. गूगलच्या सांगण्यानुसार रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के पूर्वी कधीच न झालेले असतात. तेव्हा एखादी ओळ यादीत नाही म्हणजे तो प्रश्न कोणालाच पडत नाही, असं समजू नये.

आता मराठीची खास अडचण. इंग्रजीतले मार्गदर्शक सांगतात, विषयाच्या आधी ‘how to’ लावा. मराठीत प्रश्नार्थक शब्द सहसा पुढे येत नाही. ‘कशी लागवड करावी कांद्याची’ असं कोणी लिहीत नाही, ‘कांदा लागवड कशी करावी’ असं लिहितात. झाड सुरुवातीच्या अक्षरांवर बांधलेलं असल्यामुळे ‘कशी’ने सुरुवात केली तर भलत्याच फांदीवर जाल. आधी नाम, मग एक रिकामी जागा, मग कसा, कशी, किती, कधी, का, कोणते, असा क्रम ठेवावा. नामानंतरची रिकामी जागा विसरू नका. ती नसेल तर ‘कांदा’ हा शब्द अजून पूर्ण झालेला नाही असंही यंत्रणा धरू शकते.

दुसरी अडचण लिपीची. देवनागरी हिंदीचीही आहे आणि हिंदीत शोधणारे संख्येने कितीतरी जास्त. ‘पनीर’ लिहिलं की मराठी ओळी तळाशी ढकलल्या जातात किंवा दिसतच नाहीत. यावर उपाय एकच: मराठीतच असणारा शब्द लवकर आणायचा. ‘लागवड’, ‘भाजी कशी करायची’, ‘बियाणे’, ‘खत व्यवस्थापन’ असे शब्द आले की यादी मराठीकडे वळते. आणि तिसरी, कदाचित सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे बरेच मराठी लोक रोमन अक्षरांत टाइप करतात. त्यातही एकच शब्द lagwad, lagvad आणि lagavad असा तीन तऱ्हांनी लिहिला जातो. निकाल दाखवताना यंत्रणा हे बऱ्याचदा एकत्र समजून घेते, पण यादी मात्र प्रत्येकाची वेगळी येऊ शकते. तिन्ही तपासल्याशिवाय काम पूर्ण होत नाही.

प्रत्यक्ष काम असं चालतं. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा आणि लॉग-इन करू नका. नाहीतर गेल्या आठवड्यात तुम्हीच शोधलेल्या गोष्टी यादीत येऊन बसतील. ज्या ओळीसमोर घड्याळाचं चिन्ह असतं ती तुमच्या इतिहासातली असते, ती मोजू नका. खासगी खिडकीतही ठिकाण मात्र कळतच असतं. परदेशात राहून महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांसाठी व्हिडिओ करणाऱ्यांनी यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ठिकाण भारत करून घ्यावं. मग ‘कांदा लागवड’ आणि रिकामी जागा लिहून आलेली पूर्ण यादी जशीच्या तशी उतरवून घ्या, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. त्यानंतर एकेक अक्षर जोडा: क, ख, ग, त, प, र, स. प्रत्येक अक्षराला नवी फांदी, नवी यादी. एका बीजशब्दाला, म्हणजे सुरुवातीला टाकलेल्या शब्दाला, तासाभरात शे-दीडशे ओळी सहज जमतात. यूट्यूबची हीच यादी ब्राउझरच्या पत्त्यातूनही मागवता येते:

```
https://suggestqueries.google.com/complete/search?client=firefox&ds=yt&hl=mr&gl=IN&q=कांदा%20लागवड%20 
```

यात `ds=yt` म्हणजे यूट्यूबची यादी (हे काढलं तर गूगलची येते), `hl` भाषा, `gl` देश आणि `q` तुमचे शब्द; त्यातलं `%20` म्हणजे रिकामी जागा. उत्तरात आधी तुम्ही लिहिलेलं आणि मग कंसात सगळ्या ओळी येतात. हा मार्ग अधिकृतपणे जाहीर केलेला नाही. तो कधीही बदलू शकतो, आणि भराभर शेकडो मागण्या पाठवल्या तर तो अडवलाही जातो. दहा-वीस बीजशब्दांसाठी हातानेच केलेलं बरं, कारण उतरवता उतरवता डोळ्याला बरंच काही दिसतं.

काय दिसतं, याचं एक उदाहरण. समजा नुसत्या ‘कांदा’ या बीजशब्दावर जमलेल्या ओळींत ‘कांदा बाजारभाव आजचे’, ‘कांदा बियाणे एकरी किती’, ‘कांदा डेंगळे का येतात’ आणि ‘कांदा थ्रिप्स फवारणी’ या चार आहेत. पहिली बहुधा सर्वांत वर असेल, तरी लागवडीच्या चॅनलने ती सोडावी. तिचं उत्तर उद्या शिळं होतं आणि त्यासाठी लोक व्हिडिओपेक्षा आकडा शोधत असतात. दुसरी ओळ नीट वाचा. तिच्यात ‘एकरी’ आहे. शिफारशी हेक्टरात लिहिलेल्या असतात, हेक्टरी ८ ते १० किलो बियाणे अशा, आणि शेतकऱ्याचा हिशेब एकरात चालतो. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, तेव्हा उत्तर एकरी साधारण सव्वातीन ते चार किलो असं येतं. हे उत्तर पहिल्याच मिनिटात देणारा व्हिडिओ त्या प्रेक्षकाच्या उपयोगी पडतो. तिसऱ्या ओळीतला ‘डेंगळे’, म्हणजे कांद्याला अवेळी येणारे फुलांचे दांडे, आणि चौथीतला ‘थ्रिप्स’ हेही असेच शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द. तज्ज्ञ ‘फुलकिडे’ लिहितात, ते बरोबरच आहे, पण मथळ्यात ‘थ्रिप्स’ हवं आणि बोलताना दोन्ही.

यादीतला क्रम म्हणजे शोधसंख्या नव्हे. पाचवी ओळ पहिलीपेक्षा किती मागे, हे यादी सांगतच नाही. ते ताडून पाहायला गूगल ट्रेंड्स आहे. तिथे ‘Web Search’च्या जागी ‘YouTube Search’ निवडा, प्रदेश महाराष्ट्र ठेवा आणि दोन-तीन शब्द शेजारी लावा. आलेखावरचे ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात. १०० म्हणजे निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू, शंभर शोध नव्हेत. लांबलचक मराठी वाक्यांना तिथे बहुतेकदा माहितीच मिळत नाही. अशा वेळी एक-दोन शब्दांपर्यंत छाटून पाहा आणि पाच वर्षांचा आलेख घ्या. दरवर्षी चढ नेमका कोणत्या महिन्यात सुरू होतो ते दिसलं की व्हिडिओ त्याआधी तीन-चार आठवडे टाकता येतो.

मग ती ओळ शोधून निकाल उघडा आणि वरचे पाच व्हिडिओ खरोखर पाहा. ते मराठीत आहेत का, किती जुने आहेत, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कितव्या मिनिटाला येतं? ‘डेंगळे का येतात’ या शोधावर सगळे व्हिडिओ डेंगळ्यांवर कोणतं औषध मारायचं हेच सांगत असतील, तर ‘का’ हा प्रश्न मोकळा आहे. रोपांचं जास्त वय, थंडी आणि वाण यांचा संबंध समजावणाऱ्या व्हिडिओला तिथे जागा आहे. पाचही व्हिडिओ ताजे आणि चांगले असतील तर ती ओळ सोडून द्यावी, ती यादीत कितीही वर असली तरी.

यादीला आणखी एक खोड आहे. समोर दिसलेली ओळ लोक पूर्ण टाइप न करता दाबतात, त्यामुळे तिचं वजन वाढतं आणि ती आणखी दिसते. म्हणून काही ओळी गरजेपेक्षा सवयीमुळे टिकलेल्या असतात. याचा पडताळा व्हिडिओ टाकल्यावर चार-सहा आठवड्यांनी मिळतो. यूट्यूब स्टुडिओच्या अॅनालिटिक्समध्ये ‘Traffic source: YouTube search’ उघडलं की त्या व्हिडिओपर्यंत लोक कोणते शब्द लिहून आले ते दिसतं. प्रत्येक शब्दासमोर सरासरी किती वेळ पाहिलं तेही असतं. ‘कांदा डेंगळे’ लिहून आलेले पाच मिनिटं थांबतात आणि ‘कांदा फवारणी’ लिहून आलेले वीस सेकंदांत निघून जातात, असं दिसलं तर मथळ्यातला ‘फवारणी’ शब्द काढायचा. आणि तिथे तुमच्या वहीत नसलेला एखादा शब्द दिसला, तर पुढच्या व्हिडिओसाठी सर्च बॉक्समध्ये आधी तोच टाकून पाहायचा.