लग्नपत्रिका व्हिडिओ

छापील पत्रिकेतील मजकूर हलती चित्रे आणि संगीतासह दाखवणारी, बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली जाणारी छोटी चित्रफीत. मोबाइलवर पाहण्यासाठी ती उभी, १०८० × १९२० पिक्सेल आकाराची करतात.

मराठी पत्रिकेचा क्रम यातही टिकतो: आधी गणपती व कुलदेवतेचे स्मरण, मग वधूवरांची नावे, तिथी-मुहूर्त आणि शेवटी मंगल कार्यालयाचा पत्ता. आप्तेष्टांची लांबलचक यादी मात्र व्हिडिओत बसत नाही. ती छापील पत्रिकेवरच सोडलेली बरी, मग कोणी रुसले तरी. चित्रांमध्ये तोरण, कलश, मुंडावळ्या, वारली शैलीतील लग्नचौक असे आकार येतात. अंतरपाट बाजूला सरकून नावे दिसणे ही कल्पना सर्रास वापरली जाते, आणि ती शोभतेही, कारण विधीतही अंतरपाट दूर झाल्यावरच वधूवर एकमेकांना पाहतात.

लांबी संगीतावरून ठरवणे सोयीचे. मिनिटाला ९० ठोके असलेला सनई-चौघड्याचा तुकडा घेतला, तर ३० सेकंदांत ४५ ठोके पडतात आणि सेकंदाला ३० चौकटी, म्हणजे स्थिर चित्रे, धरल्यास दर ठोक्याला २० चौकटी येतात. गणपतीला ८ ठोके, नावांना १२, मुहूर्ताला ८, पत्त्याला १२ आणि आग्रहाच्या ओळीला ५ अशी वाटणी केली, तर प्रत्येक दृश्य ठोक्यावर बदलते. पत्त्याला ८ सेकंद मिळतात. वयस्कर पाहुण्यांनी तो वाचायचा तर एवढे लागतातच. चित्रे पहिल्या सेकंदात हलून थांबावीत. अक्षरांमागे फुले सतत फिरत राहिली, की मजकूर वाचला जात नाही.

सर्वाधिक घोटाळा देवनागरीत होतो. पहिली वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते, पण दिसते आधी. अक्षरजुळणी न करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिकेतला ‘चि.’ हाच शब्द फुटतो: आधी च, मग सुटी वेलांटी. ‘श्री’मध्ये पाय मोडलेला श आणि री वेगळे दिसतात. आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत यासाठी दक्षिण आशियाई लिपींचे टेक्स्ट इंजिन निवडावे लागते. नावे एकेक अक्षराने उमटवली तरी जोडाक्षरे तुटण्याचा धोका असतो, म्हणून पूर्ण ओळ एकदम उजळवावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर चिकटवल्यास रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून किंवा नव्याने टाइप करून घ्यावा लागतो.

गाजलेले गाणे लावल्यास यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवर आवाज बंद होऊ शकतो. वापराचा परवाना असलेली धून घेतली तर तो प्रश्न सहसा येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप चित्रफीत दाबून लहान करते, त्यामुळे बारीक अक्षरे पुसट होतात. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर मूळ दर्जा राहतो. व्हिडिओत लिहिलेल्या नकाशाच्या दुव्यावर बोट ठेवून काहीच उघडत नाही. तो सोबतच्या संदेशात वेगळा द्यावा.