चारपैकी एका बाटलीत ‘स्टॅफ’: बाटल्या मोजण्याआधी नाव विचारा

केस-पेपरवर ‘ब्लड कल्चर: स्टॅफ, बहुधा कंटॅमिनेशन’ अशी ओळ दिसली की मी लॅबला फोन करून एकच विचारते: स्टॅफ कुठला? बऱ्याचदा ती ओळ लिहिणाऱ्याने हा प्रश्न विचारलेलाच नसतो. नुसतं ‘स्टॅफ’ हे नाव अर्धवट आहे. त्यात एपिडर्मिडिस येतो आणि ऑरियसही येतो. रक्तात सापडल्यावर या दोघांचा अर्थ मात्र जवळपास उलटा असतो.

साम्य आणि प्राथमिक फरक बहुतेकांना माहीत असतात, त्यामुळे ते थोडक्यात. ग्रॅम स्टेनमध्ये दोघेही घोसाघोसाने दिसणारे जांभळे गोल जंतू, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली बघून खात्रीने वेगळे सांगता येत नाहीत. कोएग्युलेज टेस्टमध्ये ऑरियस प्लाझ्मा गोठवतो, एपिडर्मिडिस गोठवत नाही. ट्यूबमध्ये ही गुठळी बहुधा चार तासांत दिसते. एक अपवाद लक्षात ठेवा: लुगडुनेन्सिस हा स्टॅफ कोएग्युलेज-निगेटिव्ह गटात मोडत असला तरी हृदयाच्या झडपांवर ऑरियससारखाच तुटून पडतो. त्याला एपिडर्मिडिसचा नियम लावू नका.

खरी गल्लत होते ती ‘चारपैकी एकाच बाटलीत आलाय, म्हणजे कातडीवरून आलेलं कंटॅमिनेशन’ या वाक्यात. एपिडर्मिडिसच्या बाबतीत हे वाक्य योग्य आहे आणि मी स्वतः ते वापरते. तो सगळ्यांच्याच कातडीवर राहतो. कातडी नीट पुसली, तरी सुईबरोबर खोलवरचे दोन-चार जंतू बाटलीत जातात, उशिरा वाढतात आणि पुन्हा घेतलेलं कल्चर स्वच्छ निघतं. पेशंटच्या अंगात सेंट्रल लाइन किंवा कृत्रिम झडप नसेल, तर अशी एक बाटली सहसा बाजूला ठेवता येते. पण हा नियम एपिडर्मिडिसच्या स्वभावावर उभा आहे. तो ऑरियसला लावला की त्याचा आधारच जातो.

ऑरियस साधारण दहापैकी तीन माणसांच्या नाकात असतो, पण हाताच्या निरोगी कातडीवर एपिडर्मिडिससारखा दाट वस्तीला नसतो. त्यामुळे तो बाटलीत आला, तर बहुधा रक्तातूनच आलेला असतो. मग एकाच बाटलीत का? मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू फार विरळ असतात. अनेकदा दर मिलिलिटरला जेमतेम एखाददुसरा. बाटलीत रक्त जातं आठ-दहा मिलिलिटर. त्यात आधीच अँटिबायोटिकचे दोन डोस झाले असतील किंवा बाटल्या अर्ध्याच भरल्या असतील, तर कुठल्या बाटलीत जिवंत जंतू पडला हा योगायोग उरतो. म्हणजे ऑरियसच्या बाबतीत एक बाटली एवढंच सांगते की रक्तात जंतू कमी होते. तो कातडीवरून आला, असं ती सांगत नाही.

आणि चुकीची किंमतही सारखी नाही. खोट्या ऑरियसवर उपचार केले, तर काही दिवसांची इंजेक्शनं जास्त होतात. खरा ऑरियस सोडून दिला, तर हृदयाची झडप किंवा मणका जातो. उपचार करूनही या आजारात साधारण पाचातला एक पेशंट महिन्याभरात दगावतो. म्हणून माझ्याकडे ऑरियसच्या रिपोर्टवर ‘कंटॅमिनेशन’ हा शब्द लिहिला जात नाही.

एक पेशंट सांगते. वय ६१. मनगटावरची सलाईनची जागा लाल झाली आणि ताप ३९ अंशांवर गेला. कल्चरचे दोन सेट, म्हणजे चार बाटल्या घेतल्या. सुई काढली, गोळ्या सुरू केल्या आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. चौदाव्या तासाला एक बाटली पॉझिटिव्ह आली. सकाळच्या राउंडला लिहिलं गेलं: ‘चारात एक, ताप नाही, कंटॅमिनेशन.’ दुपारी ट्यूबमध्ये गुठळी दिसली, तेव्हा मी स्वतः वॉर्डात गेले. पुन्हा कल्चर घेतलं आणि शिरेतून व्हॅन्कोमायसिन सुरू केलं. जंतू मेथिसिलिन-सेन्सिटिव्ह निघाल्यावर व्हॅन्कोमायसिन थांबवून सेफाझोलिन दिलं, कारण अशा जंतूवर व्हॅन्कोमायसिन कमी पडतं. ते चालूच ठेवलेलं दिसलं की मला राग येतो.

औषध चालू असताना ४८ तासांनी घेतलेलं कल्चरही पॉझिटिव्ह आलं. ताप नव्हता, पेशंट जेवत होता, तरी रक्तात जंतू होतेच. याचा अर्थ कुठेतरी ठाणं होतं. ऑरियसच्या अंगावर फायब्रिनोजेन आणि फायब्रोनेक्टिनला चिकटणारी प्रथिनं असतात. त्यांच्या जोरावर तो रक्तवाहिनीच्या अस्तरावर, झडपेवर आणि कृत्रिम सांध्यावर घट्ट बसतो. एपिडर्मिडिसला असं बसायला बहुधा प्लास्टिक किंवा धातू लागतो. ऑरियसला पेशंटचं स्वतःचं शरीर पुरतं.

ते ठाणं शोधायची सुरुवात स्कॅनने होत नाही. मी रोज विचारते: काल नव्हतं असं आज काय दुखतंय? या पेशंटने सहज सांगितलं, ‘पाठ आखडलीय, पलंगामुळे असेल.’ वॉर्डातही तसंच मानलं गेलं होतं. मी कण्यावरून एकेक मणका मुठीने हलकेच ठोकत आले. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यापाशी तो दचकला. एक्स-रे नॉर्मल होता, आणि तो नॉर्मल असणारच, कारण हाडाची झीज एक्स-रेत दिसायला काही आठवडे जातात. एमआरआयमध्ये त्या दोन मणक्यांमधली चकती सुजलेली होती आणि मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर पुवाची पातळ रेघ होती. पायांत ताकद होती, लघवीवर ताबा होता, म्हणून सर्जनने ऑपरेशन न करता रोज तपासायचं ठरवलं.

छातीवरून केलेला इको स्वच्छ होता. इथे अनेकजण थांबतात. पण झडपेवरची लहान गाठ या इकोत निसटते, आणि ४८ तासांनीही कल्चर पॉझिटिव्ह असलेल्या पेशंटमध्ये मी तेवढ्यावर विसंबत नाही. अन्ननलिकेतून इको करून घेतला. तोही स्वच्छ निघाला.

चौथ्या आणि पाचव्या दिवसाची कल्चर निगेटिव्ह आली. दोन दिवसांची घेतली, कारण मधलं एखादं निगेटिव्ह येऊन पुढचं पुन्हा पॉझिटिव्ह येतं, हे ऑरियसमध्ये घडतं. औषधाचे दिवस मोजायचे ते पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून, पहिल्या इंजेक्शनपासून नाही. मणका धरलेला असल्यामुळे इथे सहा आठवडे. कल्चर लवकर निगेटिव्ह आलं असतं, ताप ७२ तासांत उतरून इको स्वच्छ निघाला असता, अंगात कृत्रिम काही नसतं आणि कुठे ठाणं सापडलं नसतं, तर चौदा दिवस पुरले असते. त्याहून कमी मी देत नाही.

घरी जाताना पेशंटला आणि त्याच्या मुलीला बसवून सांगितलं: पुढच्या तीन महिन्यांत ताप आला किंवा पाठ, सांधा, कुठलंही नवं दुखणं सुरू झालं, तर घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका. आधी या, रक्ताचं कल्चर घेऊ, मग औषध.