छापा-काट्यात आधी बोलणारा का हरतो?

लातूरला शिकवण्यांच्या भागात, दुपारच्या सुट्टीत, चहाच्या हॉटेलाबाहेर पोरं नाणं उडवत बसतात. हरेल त्याने सगळ्यांचा चहा पाजायचा. साध्या छापा-काट्यात कुणाचीच चलाखी चालत नाही, म्हणून एका पोराने खेळ जरा बदलला. नाणं एकदा नाही, उडवतच राहायचं. आधी प्रत्येकाने लागोपाठ तीन फेकींची एक माळ निवडायची, उदाहरणार्थ छापा-छापा-काटा. ज्याची माळ आधी पडेल तो जिंकला. वर हा पोरगा मोठा दिलदार, समोरच्याला म्हणतो, ‘तू आधी निवड, मला उरलेल्यातली कोणतीबी चालंल.’

चहा मात्र बहुतेक वेळा समोरचाच पाजतो. मग संशय नाण्यावर जातो. ‘सर, नाण्यातच काहीतरी गडबड हाय व्हय?’ असं मला विचारलं गेलं. नाणं खरं आहे. दुसऱ्या कुणाच्या खिशातलं घ्या, काही फरक पडत नाही. सगळी गोम त्या दिलदारपणात आहे.

वॉल्टर पेनी यांनी १९६९ साली गणिती करमणुकीच्या एका नियतकालिकात हे कोडं काही ओळींत मांडलं. पुढे १९७४ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यावर लिहिलं आणि ते जगभर पसरलं. खेळाला आजही पेनीचा खेळ म्हणतात. गंमत अशी, की तो समजायला शाळेतलं गणित पुरतं.

छापा म्हणजे छ आणि काटा म्हणजे क असं लिहू. तीन फेकींच्या माळा एकूण आठ. नाणं तीनदाच उडवलं तर प्रत्येक माळ पडण्याची शक्यता सारखीच, आठात एक. म्हणूनच ‘कोणतीही घे, सारखंच’ असं सगळ्यांना वाटतं. पण इथे नाणं तीनदा उडवून थांबत नाही. फेकींची एक लांबच लांब रांग तयार होते, आणि त्या एकाच रांगेत दोघंही आपापली माळ शोधत असतात.

समजा पहिल्याने छ-छ-क घेतलं आणि आपल्या दिलदाराने क-छ-छ. आता फेकी बघा: क, छ, क, क, छ, क, छ, छ. आठव्या फेकीला क-छ-छ पूर्ण झालं, डाव संपला. पहिल्याच्या हातात नेमके तेव्हाच दोन छापे आले होते, त्याला आणखी एक काटा हवा होता. पण त्याचे दोन छापे पडले त्याच क्षणी दुसरा जिंकलेला होता.

हा योगायोग नाही. पहिल्याला आधी लागोपाठ दोन छापे लागतात. ते रांगेच्या अगदी सुरुवातीला पडले नसतील, तर त्यांच्या आधी काहीतरी पडलेलं असणारच. रांगेत पहिल्यांदा छ-छ आलं असेल तर त्याच्या आधी छापा असू शकत नाही, नाहीतर छ-छ एक फेक आधीच आलं असतं. म्हणजे तिथे काटा आहे. काटा, छापा, छापा म्हणजे दुसऱ्याची माळ!

पहिल्याला सुटायला एकच फट उरते, ती म्हणजे पहिल्या दोन्ही फेकी छापा पडणं. तसं झालं तर तोच जिंकणार. कारण दुसऱ्याला क-छ-छ सुरू करायलाच काटा हवा, आणि तो पहिला काटा पडला की छ-छ-क पूर्ण होतं. पहिल्या दोन फेकी छ-छ पडण्याची शक्यता चारात एक. उरलेल्या चारातल्या तीन वेळा चहा फुकट.

तुळजापूरहून लातूरला येणारी गाडी औशावरून येते. एक जण औशाच्या स्टँडवर आणि एक लातूरच्या स्टँडवर त्याच गाडीची वाट बघत असेल, तर ती आधी कुणाला भेटणार हे विचारायची गरज नाही. लातूरवाल्याची आशा एवढीच, की गाडी औशाच्या अलीकडूनच, म्हणजे औसा आणि लातूरच्या मधूनच सुटली असेल. सुरुवातीचे दोन छापे म्हणजे औशाच्या अलीकडून सुटलेली गाडी.

म्हणजे दुसऱ्याने काय करायचं, तर समोरच्याच्या वाटेवर एक थांबा आधी उभं राहायचं. समोरच्याच्या माळेतली पहिली दोन अक्षरं घ्यायची, ती आपल्या माळेच्या शेवटी ठेवायची, त्याचं तिसरं अक्षर सोडून द्यायचं. राहिलं आपलं पहिलं अक्षर. त्यासाठी समोरच्याच्या मधल्या अक्षराच्या उलट घ्यायचं. त्याने छ-छ-क म्हटलं की मधलं छ, उलट क, मागे छ-छ. झालं क-छ-छ. त्याने छ-क-छ म्हटलं तर मधलं क, उलट छ, मागे छ-क. झालं छ-छ-क. एवढं तोंडी करता आलं की बास. आठही माळांना हीच रीत लागू पडते.

मधलं उलटंच का, असं एखादा विचारतोच. कारण आपण त्याच्या वाटेवर उभे राहतो तेव्हा त्याने आपल्या वाटेवर उभं राहता कामा नये. छ-क-छ ला अडवायला क-छ-क घेतलं, तर शेवटचे दोन त्याचे पहिले दोन आहेत हे खरं, पण त्याचेही शेवटचे दोन आपले पहिले दोन होतात. दोघं एकमेकांना सारखेच अडवतात आणि डाव निम्म्या-निम्म्यावर येतो.

योग्य निवडीने छ-क-छ विरुद्ध छ-छ-क कसं चालतं ते बघू, कारण इथे दुसऱ्याची आघाडी थोडी कमी आहे आणि हिशेब करायला मजा येते. दोन्ही माळा छापाने सुरू होतात, म्हणून पहिला छापा पडेपर्यंतच्या काट्यांकडे दुर्लक्ष करू. छापा पडला. पुढची फेक पुन्हा छापा असेल तर दुसरा जिंकल्यातच जमा. पुढे कितीही छापे पडोत, पहिला काटा येईल तेव्हा त्याचं छ-छ-क पूर्ण होईल. ही शक्यता निम्मी. पुढची फेक काटा पडली तर छ-क झालं. त्यानंतर छापा आला तर पहिला जिंकला, ही शक्यता पाव. आणि पुन्हा काटाच आला तर दोघांच्याही हाती काही नाही. नवा छापा पडेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. तो उरलेला पाव. डाव निकाली लागतो तेव्हा निम्मे विरुद्ध पाव, म्हणजे दोनास एक. तीन डावांत सरासरी दोन दुसऱ्याचे.

पहिल्याला यापेक्षा चांगलं मिळत नाही. छ-क-छ, छ-क-क किंवा त्यांची काट्याने सुरू होणारी उलटी रूपं घेतली तर तो तिनात एकदा जिंकतो. छ-छ-क किंवा क-क-छ घेतलं तर चारात एकदा. छ-छ-छ घेतलं तर आठात एकदा, कारण पहिल्या तिन्ही फेकी छापा पडल्या तरच तो वाचतो. त्यांत एक जरी काटा पडला की गेला. हौशी पोरं पटकन ‘तीन छापे’च म्हणतात, आणि दिलदाराला तेच हवं असतं.

‘मग सर, सगळ्यात भारी माळ कोणती, ती सांगा, आम्ही आधीच घेतो.’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर म्हणजे या खेळातला सगळ्यात चक्रावणारा भाग. छ-छ-क ला क-छ-छ हरवतं. क-छ-छ ला क-क-छ हरवतं. क-क-छ ला छ-क-क हरवतं. आणि छ-क-क ला हरवणारी माळ कोणती? छ-छ-क, जिथून सुरुवात केली तीच. कुस्तीच्या फडात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पाडलं तर पहिला सगळ्यांत जड असं आपण धरून चालतो. इथे तसं धरता येत नाही. प्रत्येकाला भारी पडणारा कुणीतरी आहेच, म्हणून आधी बोलणं हीच चूक.

आणखी एक गोष्ट पोरांना पटवून द्यायला वेळ लागतो. छ-छ-क एकटंच खेळलं, म्हणजे ते पडेपर्यंत फेकी मोजल्या, तर सरासरी आठ लागतात. क-छ-छ लाही सरासरी आठच. दोघांना सारखाच वेळ लागतो आणि तरी समोरासमोर एक चारात तीनदा जिंकतं! विसंगती नाही. वेगवेगळ्या रांगांत दोघं बरोबरीचे आहेत. एकाच रांगेत आणल्यावर मात्र छ-छ-क बहुतेक वेळा क-छ-छ च्या मागूनच येतं. कधीकधी सुरुवातीलाच छ-छ पडलं, की ते पुढे जातं आणि क-छ-छ ला बराच उशीर होतो. सरासरीत हे भरून निघतं, पण डाव जिंकायला किती फरकाने पुढे होता हे कुणी बघत नाही.

आता ही युक्ती कुठे फसते तेही सांगायला हवं. एका डावात दुसरा हरू शकतोच. दोनास एकच्या सामन्यात दहा डाव खेळले तरी शंभरात सात-आठ वेळा तो शेवटी मागे असेल, म्हणून एका चहावरून कुणाची पारख करू नये. पोरांनी तीन-तीन फेकी सुट्या धरल्या, म्हणजे तीनदा उडवलं, नाही जुळलं, पुसून टाकलं, पुन्हा तीनदा, तर आघाडी साफ नाहीशी होते. माळांची गुंफण तुटते आणि सगळ्या खरोखरच सारख्या होतात. दिलदार सलग हरायला लागला तर आधी फेकी कशा मोजल्या जातायत ते बघावं. दोघांनी माळा चिठ्ठीवर गुपचूप लिहिल्या तरीही आघाडी जाते. आणि माळ तिनाऐवजी दोनचीच ठेवली तर पहिल्याने छ-क म्हणावं. त्याला अडवणारी दोनची माळच नाही, दुसऱ्याला जास्तीत जास्त बरोबरी मिळते.

ज्यांना दहा-दहा डाव खेळायला वेळ नाही त्यांच्यासाठी स्टीव्ह हंबल आणि युताका निशियामा यांनी पत्त्यांचा प्रकार काढला आहे. छापा-काट्याऐवजी लाल-काळा. बावन्न पत्ते पिसायचे, एकेक उघडायचा, ज्याची माळ जुळली त्याने तोवर उघडलेले पत्ते उचलायचे आणि उरलेल्या कॅटवर पुढे चालू ठेवायचं. कॅट संपेपर्यंत साधारण सात ते नऊ वेळा कुणाची ना कुणाची माळ लागते, आणि ज्याच्या माळा जास्त तो जिंकला. एका कॅटमध्ये एवढे डाव जमल्यामुळे दुसऱ्याची छोटी आघाडी मोठी होते: समोरच्याने सगळ्यात शहाणी माळ घेतली तरी शंभरात सुमारे ८० वेळा तो जिंकतो, आणि समोरच्याने तीन लाल मागितले तर ९९ वेळा.