एका पाखंडी पुस्तकाच्या चार प्रती

इ.स. १८०च्या सुमारास ल्यों शहराचा बिशप इरेनेयस याने ग्रीक भाषेत पाच भागांचा एक मोठा ग्रंथ लिहिला. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे, पण इरेनेयसच्या मते भलतंच शिकवणारे जे लोक होते, त्यांचं खंडन हा त्याचा विषय. या लोकांचा दावा असा की, तारण नुसत्या श्रद्धेने होत नाही. आपण मुळात कुठून आलो आणि या जगात कसे अडकलो, याचं खास ज्ञान झाल्यावर ते होतं. या ज्ञानासाठी ग्रीकमध्ये शब्द आहे ‘ग्नोसिस’, म्हणून त्यांना नॉस्टिक म्हणू लागले. मराठीत ‘ज्ञानवादी’ म्हणता येईल.

पुढची सतराशे वर्षं या ज्ञानवाद्यांबद्दल जगाला जे ठाऊक होतं, ते मुख्यतः इरेनेयस आणि त्याच्यामागून आलेल्या खंडनकर्त्यांकडून. आपल्याकडे चार्वाकांचं झालं तसंच. मूळ ग्रंथ हरवले आणि विरोधकांनी मांडलेला पूर्वपक्ष तेवढा उरला. त्यावरून बनलेलं चित्र सरळ होतं. आधी एकच शुद्ध ख्रिस्ती शिकवण होती, मग काही लोक तिच्यापासून भरकटले. १९३४ साली वाल्टर बाउअर या जर्मन अभ्यासकाने या चित्राला धक्का दिला. काही प्रदेशांत तर ज्याला पुढे पाखंड ठरवलं गेलं तेच आधी पोचलं होतं, असं त्याचं म्हणणं. पण त्या ‘पाखंडी’ लोकांच्या हातची पुस्तकं त्याच्यासमोर जवळजवळ नव्हतीच.

ती मिळाली १९४५ साली, वरच्या इजिप्तमध्ये, नाइलच्या काठावरच्या नाग हम्मादी गावाजवळ. जबल अल्-तारिफ या कड्याच्या पायथ्याशी शेतात घालायची खतमाती खणायला काही शेतकरी गेले होते, त्यांना मातीचा एक बंद रांजण सापडला आणि त्यात चामड्याच्या वेष्टनांतली पुस्तकं होती, अशी हकिगत सांगितली जाते. तिचे तपशील दशकांनंतर गोळा केलेले असल्याने अलीकडे काही अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली आहे, आणि मला ती शंका रास्त वाटते. पुस्तकांबद्दल मात्र शंकेला जागा नाही. पपायरसची बारा पुस्तकं, शिवाय तेराव्यातली काही पानं, सगळी कॉप्टिक भाषेत, म्हणजे ग्रीक लिपीला काही चिन्हं जोडून लिहिलेल्या तेव्हाच्या इजिप्ती भाषेत. त्यांत मिळून बावन्न रचना, आणि बहुतेक मूळ ग्रीकवरून भाषांतरित.

पुस्तकांचा काळ कळला तो त्यांच्या पुठ्ठ्यांमुळे. चामड्याचं वेष्टन ताठ राहावं म्हणून बांधणाऱ्याने आत रद्दी पपायरसचे थर चिकटवले होते. ते सोडवल्यावर त्यात जुने हिशेब, पावत्या आणि पत्रं निघाली. सातव्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात तर इ.स. ३४१, ३४६ आणि ३४८ अशा तारखांचे कागद होते. अर्थात ते पुस्तक ३४८च्या आधी बांधलेलं असूच शकत नाही.

या साठ्यातली सगळ्यांत गाजलेली रचना म्हणजे थोमाचं शुभवर्तमान. पण अभ्यासकांचं चित्र नेमकं कसं बदललं हे पाहायचं, तर मी दुसऱ्याच एका पुस्तकाकडे बोट दाखवीन: ‘योहानाचं गुप्त पुस्तक’. रांजणातल्या तीन पुस्तकांत त्याची एकेक प्रत आहे आणि तिन्ही ठिकाणी ती अगदी पहिली रचना आहे. चौथी प्रत आधीच बर्लिनमध्ये होती. ती १८९६ साली कैरोत विकत घेतलेल्या एका हस्तलिखितातली. कार्ल श्मिट या विद्वानाने तिची आवृत्ती तयार केली, ती छापली जात असताना १९१२ साली छापखान्यात पाण्याचा नळ फुटला आणि छापलेली पानं नासली. मग दोन महायुद्धं आडवी आली. शेवटी ती प्रत प्रसिद्ध झाली १९५५ साली.

हे पुस्तक महत्त्वाचं अशासाठी की इरेनेयसने त्याच्या बऱ्याच भागाचा सारांश आपल्या पहिल्या खंडात दिला आहे. पुस्तकाचं नाव तो घेत नाही, पण मजकूर जुळतो. त्यामुळे खंडनकर्त्याचा सारांश आणि ज्याचं खंडन केलं ते पुस्तक, दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याची दुर्मीळ संधी इथे मिळते.

आधी गोष्ट थोडक्यात. सगळ्याच्या मुळाशी एक अवर्णनीय आत्मा आहे. त्याच्यापासून बार्बेलो नावाची पहिली शक्ती प्रकटते आणि तिच्यापासून दिव्य शक्तींचं सगळं कुटुंब. त्यांतली शेवटची सोफिया, म्हणजे प्रज्ञा. ती जोडीदाराच्या संमतीवाचून एकटीनेच निर्मिती करायला जाते, आणि जन्माला येतो एक अज्ञानी, उद्धट जीव, याल्दाबाओथ. आपलं हे जग त्याने घडवलं. बायबलच्या पहिल्या पुस्तकातला निर्माता तो हाच, असं हे पुस्तक सांगतं.

सोफिया दूर गेल्यावर याल्दाबाओथला वाटतं आपण एकटेच आहोत, आणि तो घोषणा करतो: मी ईर्ष्यावान देव आहे, माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही. इरेनेयसचा सारांश इथे थांबतो, आणि ‘हे लोक असली खोटी विधानं करतात’ एवढं म्हणून तो पुढे जातो. इथपर्यंत त्याने दिलेला मजकूर प्रतींशी चांगला जुळतो. शत्रूच्या तोंडी त्याने काहीतरी मनचं घातलं, असा आरोप इथे टिकत नाही. पण मूळ पुस्तकात घोषणेला लागूनच एक वाक्य आहे. असं बोलून त्याने आपल्या दूतांना दाखवूनच दिलं की दुसरा देव आहे, कारण तो नसता तर याने ईर्ष्या करायची कोणाची?

हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो. सारांशात जी विचित्र कल्पित कथा वाटते, तिच्या मुळाशी धर्मग्रंथाचं बारकाईने केलेलं वाचन आहे. लिहिणाऱ्याला बायबलमधला मोशेचा ग्रंथ चांगला पाठ आहे, त्यातल्या अडचणी त्याला दिसतात, आणि त्या सोडवायला त्याने ही सगळी कथा उभी केली आहे. पुढे तो ‘मोशेने म्हटलं तसं नव्हे’ असं पुन्हा पुन्हा म्हणतो. उदाहरणार्थ, महाप्रलयात नोहा तारवात लपला नाही. तो आणि त्याच्याबरोबरचे अनेकजण एका तेजोमय ढगात लपले. हे लोक ख्रिस्ती परंपरेच्या बाहेरचे कोणी घुसखोर होते, असं यानंतर म्हणणं कठीण होतं. त्याच ग्रंथांवर, त्याच प्रश्नांवर तेही झटत होते आणि उत्तर वेगळं देत होते.

आता चारही प्रती एकमेकींशी ताडून पाहू. बर्लिनची प्रत आणि रांजणातल्या तिसऱ्या पुस्तकातली प्रत लहान आहेत. दुसऱ्या आणि चौथ्या पुस्तकातल्या प्रती बऱ्याच मोठ्या. मोठ्या दोन्ही एकाच कॉप्टिक भाषांतराच्या नकला आहेत, त्यांचा मजकूर जवळजवळ शब्दशः सारखा आहे. लहान दोन्हींचं तसं नाही. आशय तोच, पण एकीने जिथे ग्रीक शब्द तसाच ठेवलाय तिथे दुसरी कॉप्टिक शब्द वापरते, वाक्यांची जुळणीही वेगळी. म्हणजे दोन निरनिराळ्या माणसांनी ग्रीक लहान पाठाचं स्वतंत्रपणे भाषांतर केलं. चार प्रतींमागे अशी तीन भाषांतरं आणि निदान दोन ग्रीक पाठ उभे राहतात.

मोठ्या पाठात काय वाढलंय? आदामाचं शरीर घडवण्याचा प्रसंग घ्या. लहान पाठात सात शक्ती सात गोष्टी घडवतात: हाडं, स्नायू, मांस, मज्जा, रक्त, कातडी, केस. मोठ्या पाठात मात्र इथे एक लांबलचक यादीच येते. डोकं घडवणारा दूत एक, मेंदू घडवणारा दुसरा, उजव्या डोळ्याचा आस्तेरेख्मे, डाव्या डोळ्याचा थास्पोमोखा, असं करत दूतांची संख्या ३६५वर जाते. उरलेल्यांसाठी वाचकाला ‘झरथुष्ट्राचं पुस्तक’ पाहायला सांगितलंय. कोणीतरी दुसऱ्या ग्रंथातला मजकूर आणून इथे जोडला, हे उघड आहे. मोठ्या पाठाच्या शेवटी दिव्य पूर्वज्ञान ‘मी’ म्हणून बोलतं असं एक स्तोत्रही आहे. त्यात ते अंधारात तीनदा उतरल्याचं सांगतं. लहान पाठांत ते नाही.

इरेनेयसच्या सारांशात आदामाच्या शरीराचा हा प्रसंगच नाही. पुस्तकाची चौकटही नाही. पुनरुत्थित ख्रिस्त आपल्या शिष्याला, योहानाला भेटून हे सगळं सांगतो ती ही चौकट. त्याने ती गाळली असेल, किंवा त्याच्या हातात होती ती रचना अजून या रूपाला आलीच नसेल. बरेच अभ्यासक दुसऱ्या शक्यतेकडे झुकतात. त्यांच्या मते बार्बेलोची कथा आधी होती, योहानाची चौकट नंतर बसली, आणि वाढलेला पाठ त्याहून नंतरचा.

बाउअरने वेगवेगळ्या प्रदेशांतली विविधता दाखवली होती. इथे ती एकाच पुस्तकाच्या पोटात दिसते. खुद्द नाग हम्मादीच्या साठ्यातही एकमत नाही. नवव्या पुस्तकातली ‘सत्याची साक्ष’ ही रचना मोडक्या पानांत वाचवली गेली आहे. ती चर्चच्या लोकांवर तुटून पडते, आणि तितक्याच कडकपणे व्हॅलेंटाइनस आणि बासिलिडिस या नामांकित ज्ञानवादी गुरूंच्या अनुयायांवरही. सहाव्या पुस्तकात तर प्लेटोच्या एका ग्रंथातला उताराही आहे, वाईट भाषांतरात. या सगळ्यांना एका नावाखाली बसवायचं कसं? १९९६ साली मायकेल विल्यम्सने ‘नॉस्टिसिझम’ हे लेबलच सोडून द्यावं असं सुचवलं. २००३ साली कॅरन किंगने दाखवलं की हे वर्गीकरण आपण खंडनकर्त्यांकडूनच उसनं घेतलं आहे. काहीजण मात्र ‘नॉस्टिक’ हे नाव फक्त योहानाचं गुप्त पुस्तक आणि त्याच्या जवळच्या रचना मानणाऱ्या गटापुरतं राखून ठेवतात. मला हा मार्ग जास्त उपयोगाचा वाटतो, कारण त्यात निदान खरी माणसं आणि खरी पुस्तकं डोळ्यासमोर राहतात.

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्या हातात आहेत त्या चौथ्या शतकातल्या आणि त्यानंतरच्या कॉप्टिक प्रती, इरेनेयसच्या काळापासून दीडशेहून अधिक वर्षांनी उतरवलेल्या. तोवर इजिप्तमध्ये ख्रिस्ती मठ उभे राहिले होते, आणि सातव्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यातली काही पत्रं भिक्षूंशी संबंधित आहेत. म्हणून या प्रती मठात वाचल्या जात होत्या असं काहींचं मत आहे, आणि काहींना तो पुरावा अपुरा वाटतो. मठात वाचल्या गेल्या असतील, तर नकलताना तिथल्या वाचकांनीही मजकुरात फेरफार केले असणार. मग एखादी ओळ दुसऱ्या शतकातली की चौथ्या, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरवावं लागतं. १९९५ साली मायकेल वाल्डस्टाइन आणि फ्रेडरिक विसे यांनी चारही प्रती शेजारशेजारच्या रकान्यांत छापल्या त्या याच कामासाठी. कुठे एका रकान्यात मजकूर आहे आणि शेजारचा कोरा आहे, हे तिथे ओळीगणिक पाहता येतं.