डेमोनंतरचा पाठपुरावा मेल

यंत्राचा डेमो झाल्यावर विक्रेता खरेदीदाराच्या समितीला पाठवतो तो मेल. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनिंगचे कारखाने दाटीने आहेत. तिथे यंत्र घ्यायचा निर्णय सहसा एकट्याचा नसतो. मालक, क्वालिटीवाले, भट्टीवरचा सुपरवायझर आणि अकाउंट्स यांच्या शंका वेगवेगळ्या असतात. शिवाय मेल फॉरवर्ड होत डेमोला नसलेल्या माणसापर्यंत जातो आणि तिथे विक्रेत्याच्या बाजूने बोलायला कोणी नसते. म्हणून सर्वांना एकच मेल जावा आणि त्यात प्रत्येकाला आपले उत्तर सापडावे.

समजा, कोल्हापूरच्या विक्रेत्याने बिडाचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यात स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे ठिणगी मारून धातूतील घटकांचे प्रमाण मोजणारे यंत्र, दाखवला. एकाच तुकड्यावर तीन स्पार्क मारले, तर कार्बन ३.२१, ३.४४ आणि ३.३० टक्के आला. क्वालिटीवाल्यांच्या कपाळावर आठी पडली. ही गोष्ट मेलमध्ये गाळणे हीच सर्वात मोठी चूक. चौघांनीही आकडे पाहिलेले असतात. क्वालिटीसाठीचा परिच्छेद असा लिहावा, त्यात हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू:

“काल कार्बनचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. तो तुकडा रनरमधून कापलेला, करड्या बिडाचा होता. त्यात ग्रॅफाइट सुटे झालेले असते, त्यामुळे स्पार्कमध्ये कार्बन नीट मोजला जात नाही. तांब्याच्या साच्यात झटकन गोठवलेले पांढरे बीड लागते. गुरुवारी तुमच्याच हीटचे असे सॅम्पल घेऊन, तुमच्या नेहमीच्या लॅबच्या रिपोर्टशी ताडून दाखवतो.”

सुपरवायझरचा प्रश्न एवढाच, की रिपोर्ट येईपर्यंत भट्टी किती वेळ थांबवायची. त्याला डेमोच्या दिवशी घड्याळ लावून मोजलेला वेळ द्यावा: सॅम्पल ओतणे, थंड करणे, घासणे आणि स्पार्क, सगळे धरून. फक्त स्पार्कचे सेकंद सांगितले तर पहिल्याच हीटला विश्वास जातो. मालकासाठी किमतीशेजारी स्पार्कला लागणाऱ्या आरगॉन वायूचा चालू खर्च लिहावा. कोटेशनमध्ये तो बहुधा नसतो. अकाउंट्ससाठी दोन ओळी पुरतात. माल महाराष्ट्रातून कर्नाटकात येतो म्हणून बिलावर आयजीएसटी लागेल आणि नियमांनुसार त्याचे क्रेडिट मिळेल. सवलतीची बोलणी मात्र या मेलमध्ये नकोत, ती मालकाशी वेगळी करावीत.

इथे बोलणे मराठीत होते, पण मेल बहुतेक इंग्रजीत जातो, कारण अकाउंट्सचा माणूस कन्नडभाषक असू शकतो. भाषा कोणतीही असो, परिच्छेदाच्या डोक्यावर “क्वालिटीसाठी”, “भट्टीसाठी” असे स्पष्ट लिहावे. मेल दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत जावा आणि शेवटी एकच काम, एकाच तारखेसह मागावे: “गुरुवारी सकाळच्या पहिल्या हीटला येऊ का?”

डेमोला नसलेल्या कोणाचा नवा प्रश्न आला, तर मेल आत फिरतो आहे. नुसते “चर्चा करून कळवतो” आले, तर चौघांपैकी कोणाची तरी शंका शिल्लक असण्याची शक्यता मोठी. तेव्हा स्मरणपत्र धाडण्याऐवजी सुपरवायझरला फोन करावा. भट्टीवर काय बोलले जाते ते त्याला आधी कळते.