गठ्ठा मांडणी म्हणजे कच्ची तुलना?

«तुलनात्मक निबंध मुद्देनिहायच लिहावा; गठ्ठा मांडणीने आधी एक विषय संपवून मग दुसरा घेतला तर ती तुलनाच होत नाही.»

हे खरं नाही. मांडणी ठरते ती निबंधाला काय दाखवायचं आहे त्यावरून. दोन पर्यायांतून एक निवडायचा असेल, तर खर्च, वेळ, टिकाऊपणा असे मुद्दे समोरासमोर ठेवणंच योग्य.

पण टॉलेमीची भूकेंद्री आणि कोपर्निकसची सूर्यकेंद्री रचना घ्या. मंगळ काही काळ उलटा सरकताना दिसतो, त्यासाठी टॉलेमीने वर्तुळावर फिरणारं दुसरं वर्तुळ वापरलं. ही रचना सलग कळली, तरच पुढचं कोपर्निकसचं उत्तर भिडतं: पृथ्वी मंगळाला मागे टाकते, म्हणून तो उलटा जातोसा वाटतो. इथे मुद्द्यामुद्द्याला उडी मारली तर दोन्ही रचनांचे तुकडे होतात. मला इथे गठ्ठा मांडणीच सरस वाटते.

तिचा धोका मात्र खरा आहे. पहिला भाग झाकून दुसरा वाचा. तो एकही शब्द न बदलता स्वतंत्र उभा राहत असेल, तर ते दोन निबंध झाले. दुसऱ्या भागाने पहिल्यातलेच प्रश्न, शक्यतो त्याच क्रमाने उचलावेत आणि «टॉलेमीला इथे जादा वर्तुळ लागलं होतं» असं मागे वळून म्हणावं.